ज्वारी-नाचणीच्या चकलीचं पाकीट: औषधाचा सूर न लावता गुण कसे लिहावेत

नागपुरात कुठल्याही प्रदर्शनात भरडधान्याच्या खाऊचे स्टॉल पाहिले, की दहापैकी निम्म्या पाकिटांवर एकच भाषा दिसते: ‘शुगर कंट्रोल’, ‘हाडं मजबूत’, ‘वजन घटवा’, ‘बीपीवर गुणकारी’. पाकिटातली चकली उत्तम असते, लिहिणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. पण कायद्याच्या नजरेत अन्न आजार बरा करतं, टाळतं किंवा आटोक्यात ठेवतं असं म्हणणं हा दिशाभूल करणारा दावा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 53 नुसार खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पाकिटावरची माहिती चुकीची असेल तर कलम 52 नुसार 3 लाखांपर्यंत. मधुमेहासारख्या आजारांवर उपाय म्हणून एखाद्या गोष्टीची जाहिरात करायला औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा 1954 चा कायदाही आडवा येतो.

मग लिहायचं काय? बरंच काही लिहिता येतं. फक्त एक सवय लावून घ्यावी लागते: वाक्य पाकिटाबद्दल असावं, खाणाऱ्याच्या शरीराबद्दल नसावं. ‘यात इतके तंतू आहेत’ हे पाकिटाबद्दल झालं. ‘याने पोट साफ होतं’ हे शरीराबद्दल. पहिलं मोजून दाखवता येतं. दुसरं दाखवायला पुरावा लागतो, आणि तो छोट्या उत्पादकाकडे नसतो. खालचं सगळं याच एका भेदावर चालतं. उदाहरणाला एक चकली घेतली आहे, कारण तिच्यात भरडधान्याचे गुणही आहेत आणि तळणाची अडचणही.

आधी कागद-पेन नाही, वजनकाटा

लेबलचा मजकूर कढईपासून सुरू होतो. समजा एका वेळचं प्रमाण असं आहे: ज्वारीचं पीठ 4 किलो, नाचणीचं 2 किलो, तांदळाचं 2 किलो, चणाडाळीचं 2 किलो, तीळ 300 ग्रॅम, मीठ 200 ग्रॅम, आणि तिखट, ओवा, हळद, हिंग मिळून 200 ग्रॅम. मोहन आणि तळण यांत किती तेल संपलं, हे बहुतेकांना माहीत नसतं. ते मोजायचं असं: पहिला घाणा टाकायच्या आधी मोहनासह सगळ्या तेलाचं वजन घ्या, मध्ये भर घातली तर तीही लिहा, शेवटचा घाणा काढून तेल निवलं की उरलेलं तेल पुन्हा काट्यावर ठेवा. या प्रमाणाला साधारण 3.4 किलो तेल चकलीत जातं आणि साडेतेरा किलोच्या आसपास तयार माल निघतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मोजल्याशिवाय ते कळणार नाहीत.

आता साहित्याची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची आहे. म्हणजे पहिलं ज्वारीचं पीठ, आणि दुसऱ्या क्रमांकावर, नाचणीच्याही वर, तेल. इथे हात अडखळतो. तेल यादीत शेवटी ढकलायचा मोह होतो, पण तळलेल्या चकलीत ते दडत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात 100 ग्रॅममागे 27-28 ग्रॅम स्निग्धांश आले आणि यादीत तेल मिठाच्या शेजारी असलं, की तपासणाऱ्याला दुसरा पुरावा लागत नाही.

त्याच वजनांतून टक्केवारी निघते. नावात किंवा चित्रात एखादा घटक पुढे केला, की तो किती टक्के घातला हे पाकिटावर सांगावं लागतं. नाव ‘ज्वारी-नाचणी चकली’ असेल आणि समोर ज्वारीच्या कणसाचं चित्र असेल, तर दोन्हींचे आकडे हवेत. सगळं साहित्य तेलासकट 14.1 किलो, त्यात ज्वारी 4 किलो म्हणजे 28 टक्के आणि नाचणी 2 किलो म्हणजे 14 टक्के. आकडा कमी वाटला म्हणून तेल सोडून फक्त पिठांचा हिशेब धरू नका. ‘60% भरडधान्य’ हे पिठाच्या डब्याबद्दल खरं असेल, चकलीबद्दल नाही. आणि ‘100%’ हा आकडा तर लेबलवर कुठेच नको. एफएसएसएआयने मे 2025 मध्ये खाद्य उत्पादकांना तो वापरणं बंद करायला सांगितलं आहे.

कुठला गुण खरंच आहे, ते आकडा ठरवतो

पौष्टिकतेच्या दाव्यांचे निकष अन्न सुरक्षा व मानके (जाहिरात व दावे) विनियम 2018 मध्ये दिलेले आहेत. ते 1 जुलै 2019 पासून लागू आहेत. घन पदार्थात 100 ग्रॅममागे किमान 3 ग्रॅम तंतू असतील तर ‘तंतूंचा स्रोत’ म्हणता येतं, किमान 6 ग्रॅम असतील तर ‘तंतूंनी समृद्ध’. कॅल्शियम-लोहासारख्या खनिजांचा ‘स्रोत’ म्हणायला 100 ग्रॅममागे दैनंदिन शिफारशीच्या 15 टक्के लागतात आणि ‘समृद्ध’ म्हणायला 30 टक्के. प्रथिनांचा ‘स्रोत’ म्हणायला 10 टक्के. स्निग्धांश ‘कमी’ म्हणायचे तर 100 ग्रॅममागे 3 ग्रॅमहून जास्त चालत नाहीत, म्हणजे तळलेल्या कुठल्याही चकलीला तो शब्द मिटला.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत ज्वारीत 100 ग्रॅममागे सुमारे 10 ग्रॅम तंतू दिले आहेत, नाचणीत 11, चणाडाळीत 15, तांदळात जेमतेम 3. वरच्या प्रमाणाचा हिशेब केला तर साडेतेरा किलो चकलीत तिळासकट हजार-एक ग्रॅम तंतू येतात, म्हणजे 100 ग्रॅममागे साडेसात ग्रॅमच्या पुढेमागे. कागदावर ही चकली ‘समृद्ध’ ठरते.

आता कॅल्शियम. नाचणीत 100 ग्रॅममागे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून ‘कॅल्शियमने भरपूर’ ही ओळ आपोआप लेखणीतून उतरते. पण पाकिटात नाचणी नाही, चकली आहे. नाचणीचे 2 किलो मिळून सुमारे 7,280 मिलिग्रॅम, सालीसकट तिळाचे 3,600 च्या आसपास, ज्वारी-डाळ-तांदळाचे मिळून आणखी दोनेक हजार. एकूण तेरा हजार मिलिग्रॅम साडेतेरा किलोत विभागले, की 100 ग्रॅममागे शंभरच्या आतच राहतं. शिफारस दिवसाला 1,000 मिलिग्रॅमची, म्हणजे ‘स्रोत’ म्हणायला 150 लागतात. तांदळाचं सगळं पीठ काढून त्याजागी नाचणी घातली तरी आकडा 150 च्या उंबरठ्यावर येऊन थांबतो, आणि तोपर्यंत चकली काळपट पडून काटा धरत नाही. पांढरे, सोललेले तीळ वापरलेत तर त्यांच्याकडूनही फारसं कॅल्शियम मिळत नाही. त्यामुळे या पाकिटावर कॅल्शियमची ओळ नको. ‘नाचणीत कॅल्शियम असतं’ अशी आडून मारलेली ओळही नको, कारण वाचणारा ती चकलीबद्दलच धरतो.

प्रथिनांचा हिशेब 9 ग्रॅमच्या जवळ जातो आणि ‘स्रोत’चा निकष पार होतो. पण त्यातला तिसरा हिस्सा चणाडाळीचा आहे. भरडधान्याच्या पाकिटावर ती बढाई मला पोकळ वाटते. तक्त्यात आकडा असू द्या, समोर नको.

प्रयोगशाळेत काय मागायचं

तक्त्यांवरचा हिशेब हा अंदाज आहे. तुमची ज्वारी कोणत्या वाणाची, पीठ किती बारीक, ते चाळलं की नाही, यावर आकडा हलतो. चाळणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. चकली तुटू नये म्हणून पीठ दोनदा चाळतात, चाळणीत अर्धा किलो कोंडा उरतो आणि तंतूंचा मोठा वाटा त्या कोंड्याबरोबर निघून जातो. अहवालासाठी न चाळलेल्या पिठाचा नमुना आणि विक्रीला चाळलेल्या पिठाची चकली, असं झालं तर तो अहवाल तुमच्या पाकिटाचा राहत नाही.

नमुना एका घाण्याचा देऊ नका. तीन वेगळ्या दिवसांच्या चकल्या सारख्या वजनाने घ्या, चुरून एकत्र करा आणि हवाबंद पिशवीत एनएबीएल मान्यता असलेल्या व एफएसएसएआयच्या यादीतल्या प्रयोगशाळेकडे पाठवा. मागणीपत्रावर ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, अतिरिक्त साखर, एकूण, संपृक्त व ट्रान्स स्निग्धांश, कोलेस्टेरॉल आणि सोडियम लिहा. शिवाय ज्या घटकाचा दावा करणार, तो घटक: इथे ‘एकूण आहारातील तंतू’. हे तीन शब्द स्पष्ट लिहायला विसरू नका. नुसतं ‘फायबर’ लिहिलं तर काही ठिकाणी ‘क्रूड फायबर’ मोजून देतात. तो जुन्या पद्धतीचा, आम्ल-अल्कलीत उकळून उरलेल्या चोथ्याचा आकडा असतो आणि तो फारच कमी येतो. अहवालात तंतू 2 ग्रॅमच्या खाली दिसले, तर चकलीला नावं ठेवण्याआधी पद्धतीचं नाव वाचा.

समजा अहवाल 6.9 ग्रॅम म्हणतो. निकष 6 चा आहे, म्हणजे ‘समृद्ध’ लिहायला कायद्याने हरकत नाही. तरी मी ‘स्रोत’ लिहीन. पुढच्या हंगामातली ज्वारी, नव्या चक्कीचं पीठ किंवा कढईतल्या तेलाचं तापमान, यांपैकी एखादं बदललं की आकडा 6 च्या खाली जायला वेळ लागत नाही, आणि बाजारातून उचललेला नमुना नेमका त्याच दिवसाचा निघतो. ‘स्रोत’चा निकष 3 चा, तिथे श्वास घ्यायला जागा आहे.

प्रत्येक ओळ चाळून घेण्याची रीत

पाकिटासाठी सुचलेल्या सगळ्या ओळी एका कागदावर लिहा आणि प्रत्येकीला विचारा: ही कशाबद्दल बोलते? मग ती वळवता येते का बघा.

‘मधुमेहींसाठी उत्तम’ वळत नाही, काढायची. ‘शुगर फ्रेंडली’ हे तिचंच टोपणनाव. आजाराचं नाव न घेता आजार सुचवला तरी तो दावाच असतो. ‘लो जीआय’, म्हणजे रक्तातली साखर सावकाश वाढवणारं, हे तर आणखी धोक्याचं, कारण अख्ख्या ज्वारीबद्दल वाचलेलं दळलेल्या, तांदूळ मिसळलेल्या, तळलेल्या चकलीला लागू पडत नाही. ‘पचायला हलकी’ म्हणजे पोटाबद्दल बोलणं झालं, आणि 28 टक्के स्निग्धांशाच्या पदार्थाला ते शोभतही नाही. त्याऐवजी ‘छोट्या घाण्यात तळलेली’ म्हणा. ते खरं आहे, कढईबद्दल आहे आणि चकली खाणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो.

‘डॉक्टरांनी शिफारस केलेली’ सरळ बंद आहे. स्टेथोस्कोप, हृदयाचं चिन्ह, साखर मोजायचं यंत्र, टेपने मोजलेली कंबर ही चित्रंही तेच बोलतात. मजकूर निर्दोष ठेवून चित्रातून दावा करणारी पाकिटं मी पुष्कळ पाहिली आहेत.

‘पौष्टिक’ या शब्दावर थोडं थांबायला हवं. सरकारने 2018 मध्ये ज्वारी, बाजरी, नाचणी यांना पौष्टिक तृणधान्य म्हणायचं ठरवलं, त्यामुळे धान्याच्या गटाचं नाव म्हणून तो शब्द सहज येतो. पण ‘पौष्टिक चकली’ लिहिलं की तो चकलीचा गुण झाला. नाव धान्याला चिकटलेलं राहू द्या, पदार्थाला नको. ‘पारंपरिक’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या, निदान 30 वर्षं चालत आलेल्या कृतीला चालतो; भाजणीच्या चकलीला तो शोभेल, पण ज्वारी-नाचणीचं हे मिश्रण गेल्या वर्षी तुम्ही जुळवलं असेल तर नाही. ‘घरगुती’ हा तर प्रत्येकाचा लाडका शब्द, पण ग्राहकाचा गैरसमज होईल अशा प्रकारे तो वापरायला मनाई आहे. बुटीबोरीच्या शेडमध्ये तळलेली चकली घरगुती नसते.

हिंगाची चिमूट

‘मैदा नाही’ आणि ‘ग्लूटेनमुक्त’ या दोन ओळी सगळ्यात निर्धास्तपणे लिहिल्या जातात आणि सगळ्यात आधी तोंडघशी पाडतात. ज्वारी-नाचणीत ग्लूटेन नसतं हे खरं. पण बाजारातला बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात, डिंकाबरोबर मळलेला असतो. डबी उलटी करून साहित्य वाचा. दुसरी वाट चक्कीतून येते: आधी कुणाचे गहू दळले आणि त्याच जात्यावर तुमची ज्वारी पडली, तर पहिल्या दोन-तीन किलोंत गव्हाचं पीठ येतंच. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे हजारो दाण्यांत गव्हाचा एक तुकडाही जड होतो. स्वतंत्र चक्की, तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणि तयार मालाची चाचणी, हे तिन्ही नसेल तर ती ओळ सोडा. उलट ॲलर्जीच्या सूचनेत ‘गहू असू शकतो’ लिहावं लागेल, आणि हिंगात गहू असेल तर ‘गहू आहे’.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ लिहिण्याआधी तेलाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. रिफाइंड तेलात टीबीएचक्यू हे अँटिऑक्सिडंट अनेकदा घातलेलं असतं. तांत्रिकदृष्ट्या ते वेगळ्या गटात मोडतं, पण ग्राहकाला ते समजावत बसायची वेळ का आणायची?

जुळवलेला मजकूर

समोरची बाजू अशी राहील:

ज्वारी-नाचणी चकली
ज्वारी 28%, नाचणी 14%
तंतूंचा स्रोत
छोट्या घाण्यात तळलेली, ओव्या-तिळाची

मागच्या बाजूला पाच वाक्यं पुरतात: ‘ज्वारी आणि नाचणीचं पीठ कोंड्यासकट वापरलं आहे. 100 ग्रॅम चकलीत 6.9 ग्रॅम आणि 30 ग्रॅमच्या एका वाढणीत 2 ग्रॅम तंतू आहेत. ही तळलेली चकली आहे. तेल व मिठाचं प्रमाण तक्त्यात दिलं आहे. पाकीट फोडल्यावर डब्यात घट्ट झाकून ठेवा.’ तिसरं वाक्य पाहून छापखान्यातला माणूसही विचारेल, हे कशाला? कारण ‘स्रोत’ हा शब्द समोर वाचून एखादा आजी-आजोबांसाठी पाकीट उचलतो. 100 ग्रॅममागे सुमारे 580 मिलिग्रॅम सोडियम आहे हे त्याला मागे दिसायला हवं. 30 ग्रॅमच्या वाढणीत ते 175, म्हणजे दिवसाच्या 2,000 मिलिग्रॅमच्या साधारण 9 टक्के. तक्त्यात हा टक्क्यांचा रकाना द्यावाच लागतो.

बाकीची सक्तीची माहिती, म्हणजे हिरवं शाकाहारी चिन्ह, एफएसएसएआयचं बोधचिन्ह व 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच, तारखा, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क, ही छापखान्याच्या नेहमीच्या साच्यात बसते. भाषेचं मात्र लक्षात ठेवा: सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते. आणि दोन्ही भाषांनी एकच बोलायचं. इंग्रजीत जपून लिहिलेलं आणि खाली मराठीत ‘साखरेच्या रुग्णांना चालेल’ अशी पट्टी, हा प्रकार सर्रास दिसतो. मराठी आपल्याच लोकांनी वाचायची म्हणून तिला सूट मिळत नाही.

तेच व्हॉट्सॲपच्या संदेशाचं, इन्स्टाग्रामच्या चित्राचं आणि स्टॉलवरच्या फ्लेक्सचं. जाहिरातीच्या व्याख्येत हे सगळं येतं. ‘काकूंची शुगर 40 ने उतरली’ हा ग्राहकाचा निरोप तुम्ही पुढे पाठवलात, की तो तुमचा दावा झाला. निरोपाबद्दल आभार माना आणि तो तिथेच राहू द्या.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. रोल छापून घेताना 10,000 पाकिटांचा भाव स्वस्त पडतो म्हणून एकदम मागवू नका. तेल बदललं, नाचणी महागली म्हणून दीड किलोवर आणली, हिंगाचा ब्रँड बदलला, तर टक्केवारी, यादी आणि ॲलर्जीची सूचना तिन्ही बदलतात. पहिल्या वर्षी कोऱ्या पाकिटावर चिकटवायची लेबलं वेगळी, 500-500 च्या टप्प्यांनी छापा, आणि प्रत्येक टप्प्याच्या फायलीवर त्या दिवशीच्या कृतीची वजनं पेनाने लिहून ठेवा.